वड, पिंपळ की नांदरुक? फोटो पाठवण्याआधी एवढं बघा

नर्सरीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर रोज फोटो येतात, भिंतीत उगवलेलं रोप असतं नाहीतर गेटजवळचं जुनं झाड, आणि खाली एकच प्रश्न, हे कशाचं आहे? आणि बरेचदा उत्तरही सोबतच असतं, "पारंब्या आहेत म्हणजे वडच ना?" तर तिथेच घोळ होतो. पारंबी सगळ्यात आधी नजरेत भरते पण ओळखायला ती सगळ्यात कच्ची खूण आहे. वडाचं कोवळं झाड असेल तर पारंब्या नसतातच, शहरात त्या वाढल्या की छाटून टाकतात, आणि वड नसलेल्या झाडालाही मुळं लोंबतात. चीक बघूनही काही कळत नाही, या सगळ्यांनाच पांढरा चीक असतो (डोळ्यात जाऊ देऊ नका, त्वचेलाही काहींना खाज सुटते).

म्हणून सगळ्यात आधी पान बघा, आणि पानाचं टोक बघा. पिंपळाचं पान बदामी आकाराचं आणि टोकाला लांबलचक शेपटी, देठही लांब आणि बारीक, म्हणून जरा वारा आला की पान सळसळतं. वडाचं पान जाड, चामड्यासारखं, लंबगोल, टोक बोथट, देठ आखूड आणि दणकट. हे दोन पूर्ण वाढलेल्या पानावर सहज कळतात, पण अगदी लहान रोपाच्या पहिल्या काही पानांवर पिंपळाची शेपटी नीट आलेली नसते, त्यामुळे तेवढ्यावर आम्हीही ठामपणे काही सांगत नाही, थोडं वाढू द्या म्हणतो.

पिंपळासारखंच बदामी पान पण टोक आखूड, कडा जरा लाटेरी आणि देठ-शिरा गुलाबी दिसत असतील तर ती बहुतेक पायर, खडकात आणि किल्ल्यांच्या दगडी भिंतीत वाढणारी. नावावर मात्र भरवसा ठेवू नका, पायर किंवा पिपरी ही नावं वेगवेगळ्या गावात वेगवेगळ्या झाडांना वापरतात, त्यामुळे नाव नको, फोटो पाठवा.

आता एक उदाहरण सांगतो. एका सोसायटीतून फोटो आला, गेटवरचं मोठं डेरेदार झाड, फांद्यांना बारीक तपकिरी मुळं दाढीसारखी लोंबतायत, आणि विचारणा अशी की हा वड ठेवायचा की नाही, कंपाउंड फोडेल का. लांबून काढलेल्या फोटोत खरंच वड वाटत होता. मग पान हातावर ठेवून शेजारी नाणं ठेवून फोटो मागवला. पान जेमतेम बोटभर लांब, गुळगुळीत चकचकीत, वडाचं पान तर तळहात भरून उरतं. फळं वाटाण्याएवढी, पानांच्या बगलेत चिकटलेली. म्हणजे नांदरुक. वडाची फळं याहून बरीच मोठी, जोडीजोडीने फांदीला बिनदेठाची चिकटलेली आणि पिकल्यावर लालभडक असतात. कंपाउंडचं उत्तर काही बदललं नाही म्हणा, नांदरुकाची मुळंही भिंत सोडत नाहीत, पण त्यांना पूजेसाठी वड हवा होता तो तिथे नव्हता हे कळलं.

फळाचा फोटो काढताना फळ तोडू नका प्लीज, ते कुठे लागलंय तेच तर बघायचंय. खोडावर आणि जाड फांद्यांवर घोसच्या घोस दिसले तर तो बहुतेक उंबर (औदुंबर). उंबराला पारंब्या नसतात, आणि पानावर बरेचदा फोडासारख्या गाठी दिसतात, त्या किडीमुळे येतात, झाड लगेच मरत नाही, घाबरून औषध मारू नका. पिंपळाची फळं लहान, पानांच्या बगलेत, पिकल्यावर जांभळट काळी. रंग मात्र संध्याकाळच्या उजेडात किंवा फ्लॅश मारला की फसवतो, त्यामुळे रंगापेक्षा फळाची जागा आणि साइज बघा.

आणखी एक, पानाचा आकार वडासारखा मोठा आहे पण टोकाला छोटी अणी आहे, आणि शेंड्याला लाल आवरणातली कळी उभी दिसते, तर तो रबराचा फायकस, कुंडीत विकला जातो तोच. जमिनीत लावला की त्यालाही मुळं लोंबायला लागतात, म्हणून पुन्हा सांगतो, पारंबीवर जाऊ नका.

तर फोटो असे पाठवा: एक पूर्ण झाडाचा, एक पिकल्या नाही पण पूर्ण वाढलेल्या पानाचा, समोरून आणि मागून, देठासकट, शेजारी नाणं किंवा पेन ठेवून, आणि फळ असेल तर फांदीवर असतानाच जवळून. फळ नसेल तर तसं लिहा, आणि रोप भिंतीत आहे की जमिनीत तेही लिहा, कारण भिंतीतलं रोप मुळासकट काढून कुंडीत लावायचं असेल तर ते लहान असतानाच जमतं, मुळं दगडात शिरली की अर्धी तुटतात.