रिटेनरचा दर आपोआप वाढतो का?

«रिटेनर दरवर्षी रिन्यू झाला की दर आपोआप वाढतो. उशिराचं व्याज मात्र करारात लिहिलेलं असेल तरच मिळतं.»

असा अनेकांचा समज असतो. पण भारतात रिटेनरवर, म्हणजे दरमहा ठरलेल्या रकमेवर, फ्रीलान्स काम करणाऱ्यांसाठी गोष्ट जवळजवळ उलटी आहे.

दरवाढ देणारा कुठलाही कायदा नाही. करारात नसेल तर जुनाच दर पुढे चालतो. महिना ४०,००० रुपये तीन वर्षं तसेच राहिले आणि महागाई वर्षाला ६ टक्के असली, तर तिसऱ्या वर्षी त्यांची किंमत साधारण ३५,६०० उरते. आपला करार उघडून पाहा: ‘परस्पर संमतीने दर वाढवता येईल’ असं असेल, तर हाती काहीच नाही, कारण समोरच्याने नाही म्हटलं की विषय संपला. ‘दर १ एप्रिलला, आधीच्या वर्षीच्या दरावर ६ टक्के’ असं हवं. मग तिसऱ्या वर्षी ४४,९४४ होतात.

उशिराच्या व्याजाचं मात्र २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात आहे. काम पुरवण्याआधी अशा उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी झालेली असेल, तर करारात ९० दिवस लिहिले तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपुढे जात नाही (कलम १५). त्यानंतर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं (कलम १६). बँक रेट ६ टक्के धरला, तर ४०,००० वर पहिल्या महिन्याचे ६०० रुपये. प्रमाणपत्रावरची नोंदणीची तारीख तपासा. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. परदेशी क्लायंटकडून ही वसुली अवघड, तिथे व्याजाचं कलम करारातच घाला.