एका विनंतीचा ईमेल

कामकाजात एखाद्या व्यक्तीकडून एकच ठरावीक गोष्ट (मंजुरी, निर्णय, माहिती किंवा एखादा कागद) मिळवण्यासाठी लिहिलेला लहान ईमेल. नेमके काय हवे ते यात विषयाच्या ओळीतच सांगितलेले असते. मजकुराच्या पहिल्या वाक्यात तीच विनंती पूर्ण स्वरूपात येते आणि त्यापुढे निर्णय घ्यायला लागेल एवढीच माहिती असते. अशा मेलला शब्दांची ठरावीक मर्यादा नाही. वाचणाऱ्याला तो फोनवर एका नजरेत वाचून तिथल्या तिथे एका ओळीत उत्तर देता यावे, ही त्याची कसोटी.

ईमेलच्या तांत्रिक मानकाला विषयाच्या ओळीची फारशी फिकीर नाही. २००८ च्या आरएफसी ५३२२ या मानकात दिनांक आणि पाठवणाऱ्याचा पत्ता एवढीच दोन शीर्षक्षेत्रे अनिवार्य आहेत. विषय ऐच्छिक आहे. म्हणून विषय कोरा ठेवलेला मेलही बिनतक्रार पोहोचतो. वाचणाऱ्याचे मात्र त्याच ओळीवाचून अडते. इनबॉक्समध्ये त्याला पाठवणाऱ्याचे नाव, विषय आणि मजकुराचे पहिले काही शब्द एवढेच दिसते, आणि मेल आत्ता उघडायचा की मागे ठेवायचा हे तो तेवढ्यावरून ठरवतो.

मराठीत विषय लिहिताना एक खास अडचण येते. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते, आणि पत्रव्यवहाराच्या सवयीने ‘…मिळणेबाबत’ हेही शेवटीच येते. ‘येत्या शनिवारी होणाऱ्या कार्यशाळेसाठी मोठे सभागृह घेण्यास मंजुरी मिळणेबाबत’ या विषयात व्याकरणाची चूक नाही. पण फोनच्या अरुंद पडद्यावर त्यातले ‘येत्या शनिवारी होणाऱ्या कार्यशाळे…’ एवढेच उरते, आणि जे मागायचे होते तेच कापले जाते. त्यामुळे मराठी विषयात नेहमीचा क्रम उलटा करावा लागतो: आधी ‘मंजुरी हवी’, ‘निर्णय हवा’ किंवा ‘आकडे हवेत’, मग मुदत, मग कशासाठी ते. वाक्य थोडे तुटक वाटते, पण या ठिकाणी ते चालते. ज्या मेलमध्ये काहीच मागायचे नाही, त्याच्या विषयात ‘माहितीसाठी’ असे लिहिलेले बरे. मग ‘हवी’ असे लिहिलेला मेल आला की खरोखर काही करायचे आहे, हे समोरच्याला कळते.

पुढचे उदाहरण काल्पनिक असले, तरी असे मेल रोज लिहिले जातात. संयोजक आपल्या विभागप्रमुखांना लिहितो:

> विषय: कार्यशाळेबाबत
>
> महोदया,
> वरील विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, शनिवारच्या कार्यशाळेची तयारी समाधानकारकपणे सुरू आहे. आजपर्यंत ५२ जणांनी नावे नोंदवली आहेत. आपण घेतलेले सभागृह ४० आसनांचे आहे. त्याच इमारतीत ७० आसनांचे सभागृह उपलब्ध असल्याचे समजते. वक्त्यांच्या प्रवासाचे अद्याप निश्चित झालेले नाही. तसेच प्रमाणपत्रांवर कोणाची सही घ्यावी, हेही कळवावे. तरी याबाबत योग्य ते मार्गदर्शन व्हावे, ही विनंती.

संध्याकाळी उत्तर येते: ‘प्रमाणपत्रांवर माझी सही चालेल.’ सभागृहाचा विषय राहूनच गेला. यात विभागप्रमुखांचा दोष नाही. एका मेलमध्ये तीन गोष्टी असल्या की सर्वांत सोपी असते तिचे उत्तर मिळते, आणि उत्तर गेले म्हणजे मेल निकाली निघाला असे उत्तर देणाऱ्याला वाटते. शिवाय सभागृहाबद्दल इथे काही विचारलेलेच नाही. दोन आकडे शेजारी ठेवले आहेत आणि त्यातून काय ते समजून घ्यायचे काम वाचणाऱ्यावर सोडले आहे.

हाच मेल पुन्हा लिहिला तर असा होतो:

> विषय: मंजुरी हवी, गुरुवार ४ पर्यंत – कार्यशाळेसाठी ७० आसनांचे सभागृह
>
> नमस्कार मॅडम,
> शनिवारच्या कार्यशाळेसाठी ४० ऐवजी ७० आसनांचे सभागृह घेण्यास गुरुवारी दुपारी ४ पर्यंत मंजुरी द्यावी, ही विनंती.
>
> नोंदणी ५२ वर गेली आहे. मोठे सभागृह आपल्यासाठी गुरुवारी ५ पर्यंत राखून ठेवले आहे; त्यानंतर ते दुसऱ्यांना दिले जाईल. वाढीव भाडे कार्यशाळेच्या मंजूर खर्चात बसते. हिशेबाचे एक पान सोबत जोडले आहे.
>
> मंजुरी न मिळाल्यास आहे तेच सभागृह ठेवून शेवटच्या १२ जणांना पुढच्या तुकडीत घेईन.
>
> उत्तरात ‘मंजूर’ किंवा ‘नको’ एवढे लिहिले तरी पुरे.

या मेलमध्ये मुदतीवर सर्वांत जास्त विचार झाला आहे. आरक्षण ५ वाजता सुटते, पण मागणी ४ ची आहे. मधला तास संयोजकाला सभागृह पक्के करायला लागणार आहे. मुदतीचे कारण लगेच सांगितल्यामुळे ४ ही वेळ मनाने ठरवल्यासारखी वाटत नाही. याउलट ‘लवकरात लवकर’ या शब्दांत मुदतच नाही. प्रत्येक जण आपल्या सोयीने त्याचा अर्थ लावतो. वार लिहिताना ‘उद्या’, ‘परवा’ टाळावे, कारण मेल वाचला जाईल तेव्हा तो ‘उद्या’ होऊन गेलेला असू शकतो. मुदत आठवड्यापलीकडची असेल, तर वारासोबत तारीखही द्यावी.

उत्तर आले नाही तर काय होईल, हे सांगणारे वाक्य अनेक जण गाळतात, कारण ते धमकीसारखे वाटेल अशी त्यांना भीती असते. प्रत्यक्षात त्यामुळे निर्णय सोपा होतो: ‘नको’ म्हटल्यास १२ जण मागे राहतील, आणि तसे चालेल की नाही ते प्रमुखांनी ठरवायचे. मात्र ‘उत्तर न आल्यास मंजुरी गृहीत धरतो’ हे वाक्य जपूनच वापरावे. जे ठरवणे पाठवणाऱ्याच्याच अधिकारात आहे आणि समोरच्याला फक्त हरकत घ्यायची संधी द्यायची आहे, तिथे ते चालते. खर्च, सही, करार किंवा दुसऱ्याच्या नावाने द्यायचा शब्द यांत मौन म्हणजे होकार धरता येत नाही. वरच्या मेलमध्ये उत्तर न आल्यास ‘आहे तेच सभागृह’ राहते. जादा खर्च आपोआप होत नाही.

वक्त्यांचा प्रवास आणि प्रमाणपत्रांवरची सही यांचे काय झाले? प्रवासाची व्यवस्था दुसरीच व्यक्ती पाहते, तेव्हा तो मेल तिकडे गेला. सहीचा प्रश्न स्वतंत्र विषय देऊन शुक्रवारी विचारता येतो. एका मेलमध्ये एक विनंती असा नियम पाळायचा म्हणून एकाच माणसाला दहा मिनिटांत तीन मेल धाडणे हा त्या नियमाचा विपर्यास आहे. नियम प्रश्नचिन्हे मोजायचा नसून निर्णय मोजायचा आहे. दोन सभागृहांपैकी कोणते घ्यायचे आणि सकाळी घ्यायचे की दुपारी, हे मिळून एकच निर्णय होत असेल, तर दोन्ही प्रश्न एका मेलमध्ये क्रमांक देऊन विचारावेत.

‘मार्गदर्शन व्हावे’, ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’, ‘अभिप्राय कळवावा’ ही मराठी पत्रव्यवहारातली रुळलेली वाक्ये विनंतीसारखी दिसतात, पण त्यांत काहीच मागितलेले नसते. आपली विनंती ठरावीक आहे की नाही हे पाहण्याचा एक उपाय आहे: उत्तर हाती आल्यावर ‘हवे ते मिळाले’ किंवा ‘मिळाले नाही’ असे शंकेला जागा न ठेवता म्हणता येईल का? ‘अहवाल एकदा बघून घ्यावा’ यावर ‘बघितला, छान आहे’ असे उत्तर आले तर काम झाले की नाही, हे सांगता येत नाही. ‘अहवालातील तक्ता ३ मधील आकडे आपल्या नोंदींशी जुळतात का, एवढे बुधवारपर्यंत कळवावे’ यावर मात्र हो, नाही किंवा कोणता आकडा चुकला हेच उत्तर येऊ शकते.

विनंती एका व्यक्तीकडे असेल तर ‘प्रति’च्या रकान्यात नावही एकच असावे. तिथे दोन नावे असली की दुसरा उत्तर देईल असे दोघांनाही वाटते. ज्यांनी फक्त जाणून घ्यायचे आहे, त्यांना ‘सीसी’मध्ये ठेवावे. वरिष्ठांना ‘सीसी’त घालून दबाव आणायची युक्ती एखाद्या वेळी लागू पडते, पण पुढच्या मेलना उत्तर उशिरा येऊ लागते.

जुन्या मेलला ‘रिप्लाय’ करून त्यात नवी विनंती घालू नये. विषय जुनाच राहतो, आणि ‘हिवाळी वेळापत्रक’ या विषयाखाली सभागृहाची मंजुरी कोणी शोधणार नाही. नव्या कामासाठी नवा मेल लिहावा. जीमेलमध्ये उत्तर देताना विषय बदलला तर संभाषणाची नवी साखळी सुरू होते, त्यामुळे आधीचा संदर्भ हवा असल्यास तो दोन ओळींत पुन्हा लिहावा.

असा मेल उर्मट वाटेल, ही भीती अगदीच खोटी नाही. पण नम्रता क्रियापदाच्या रूपात आणि नमस्काराच्या ओळीत पुरेशी येते. वरिष्ठांना ‘द्यावी, ही विनंती’ आणि सहकाऱ्याला ‘देशील का’ किंवा ‘द्याल का’ असे लिहिले की काम भागते. विनंतीआधी तीन ओळींची प्रस्तावना लिहिली म्हणून मेल अधिक नम्र होत नाही. अनोळखी व्यक्तीला लिहिताना मात्र आपण कोण आणि तिच्याकडेच का आलो, हे सांगणारे एक वाक्य विनंतीच्या आधी यावे. ते नसेल तर पहिल्याच ओळीतली मागणी अंगावर आल्यासारखी होते.

हा प्रकार सगळीकडे चालत नाही. तासाभरात उत्तर हवे असेल तर फोन करावा. मतभेद, वाईट बातमी किंवा एखाद्याच्या कामाबद्दलची नाराजी सात ओळींत बसवली तर ती वाचणाऱ्याला लागते. तिथे समोरासमोर बोलावे, आणि जे ठरले तेवढे नंतर मेलने कळवावे. मुदतीच्या दिवशी सकाळपर्यंत उत्तर आले नसेल, तर त्याच मेलच्या साखळीत आठवण करता येते. मात्र ‘खालील मेल पाहावा’ असे लिहून थांबू नये. ‘सभागृहाची मंजुरी आज ४ पर्यंत हवी आहे, राखीव वेळ ५ वाजता संपते’ असे सगळे पहिल्याच ओळीत पुन्हा सांगावे, म्हणजे खालचा मेल न उघडताही ‘मंजूर’ असे उत्तर देता येते.