घातश्रेणीची अभिसरण त्रिज्या आणि अभिसरण अंतराल

घातश्रेणी म्हणजे पॉवर सिरीज, `Σ aₙ(x−c)ⁿ` अशा रूपाची अनंत बेरीज. यात `c` हा केंद्र, `aₙ` हे सहगुणक, आणि `x` आपण ठेवू ती किंमत. `x`च्या काही किमतींना ही बेरीज एका ठराविक संख्येकडे जाते म्हणजे कन्व्हर्ज होते आणि बाकीच्यांना होत नाही, आणि ज्या किमतींना होते त्या सगळ्यांचा मिळून नंबर लाइनवर एक सलग तुकडा होतो, मध्ये कुठेही भोक नाही, त्याला म्हणतात अभिसरण अंतराल. केंद्रापासून त्याच्या टोकापर्यंतचं अंतर `R` ही अभिसरण त्रिज्या. `R` शून्य असू शकते (मग सिरीज फक्त `x = c` ला चालते, उदा. `Σ n! xⁿ`) किंवा अनंत असू शकते (उदा. `Σ xⁿ/n!`), आणि या दोन्ही वेळी टोकं तपासायचा प्रश्नच येत नाही.

तुकडा सलगच का येतो, याचं कारण छोटं आहे. एखाद्या `x₀` ला सिरीज कन्व्हर्ज झाली तर तिथली पदं शून्याकडे जातात, म्हणजे ती एका मर्यादेच्या आत राहतात. आता केंद्राच्या त्याहून जवळचा कुठलाही `x` घेतला की तिथली पदं त्या मर्यादा गुणिले एका घटत्या भूमिती श्रेणीपेक्षा लहान होतात, म्हणून तिथे सिरीज निरपेक्षपणे कन्व्हर्ज होतेच, म्हणजे पदांची चिन्हं काढून टाकली तरी. पण हे कारण फक्त "त्याहून जवळच्या" बिंदूंबद्दल बोलतं. बरोबर `R` अंतरावरच्या दोन बिंदूंबद्दल ते काहीच सांगत नाही, तिथे काहीही होऊ शकतं, आणि खरी काळजी तिथेच घ्यायची असते.

एक उदाहरण पूर्ण करून बघू: `Σ (2x−3)ⁿ / (5ⁿ√n)`, `n` 1 पासून. रेशो टेस्ट लावायची म्हणजे पुढचं पद भागिले आधीचं पद, दोन्हीची निरपेक्ष किंमत घेऊन. `n`वे घात उडतात आणि उरतं `(|2x−3|/5)·√(n/(n+1))`, त्यातलं वर्गमूळ 1 कडे जातं, म्हणून लिमिट `|2x−3|/5`. हे 1 पेक्षा लहान हवं, म्हणजे `|2x−3| < 5`. इथे भरपूर जण `R = 5` लिहून मोकळे होतात आणि ते चूक आहे, कारण त्रिज्या `x`च्या अंतरात मोजायची, `2x`च्या नाही. 2 बाहेर काढला की `|x − 3/2| < 5/2`, केंद्र `3/2`, `R = 5/2`, टोकं `−1` आणि `4`. ताळा करायचा तर दोन्ही टोकांची सरासरी केंद्र यायला हवी: `(−1+4)/2 = 3/2`, बरोबर.

आता टोकं. इथे परत रेशो टेस्ट लावून उपयोग नाही, कारण टोक ठरलंच मुळी लिमिट 1 येतं तिथे, आणि 1 आलं की ती टेस्ट गप्प बसते. रूट टेस्टचंही तेच. त्यामुळे टोकाची किंमत मूळ सिरीजमध्ये ठेवायची, `x` पूर्ण गायब होऊन साध्या संख्यांची सिरीज उरते, आणि तिच्याकडे नव्याने बघायचं, आधीचं सगळं विसरून. `x = 4` ला `(2·4−3)ⁿ = 5ⁿ`, खालच्या `5ⁿ`ने कटलं, उरलं `Σ 1/√n`. `√n` हे `n`पेक्षा मोठं कधीच नसतं, म्हणून `1/√n` हे `1/n` इतकं किंवा जास्तच, आणि `Σ 1/n` अपसारी आहे म्हणजे कन्व्हर्ज होत नाही, मग हीसुद्धा अपसारी. 4 बाहेर. `x = −1` ला `(−5)ⁿ`, म्हणून `Σ (−1)ⁿ/√n`. चिन्हं आलटूनपालटून, `1/√n` सतत कमी होतं आणि शून्याकडे जातं, तर लायब्निझच्या टेस्टने कन्व्हर्ज होते. −1 आत. उत्तर `[−1, 4)`.

हीच सिरीज पुढे `(−1)ⁿ` लावून दिली असती तर त्रिज्या तीच राहिली असती, पण डाव्या टोकाला दोन `(−1)ⁿ` मिळून 1 झाले असते आणि उत्तर उलटं, `(−1, 4]` आलं असतं. म्हणून "डावं टोक आत, उजवं बाहेर" असा पाठ करायचा नियम नाही, किंमत ठेवूनच बघावं लागतं. परीक्षेत जास्त मार्क जातात ते याच पायरीला, कारण टोक ठेवताना `(−5)ⁿ / 5ⁿ` मधला मायनस हरवतो.

कधीकधी टोकाला लायब्निझ आठवायच्याही आधी एक सोपी गोष्ट बघायची असते, ती म्हणजे पदं शून्याकडे जातात तरी का. `Σ n! xⁿ/nⁿ` घ्या. रेशो येतो `|x| / (1+1/n)ⁿ`, लिमिट `|x|/e`, म्हणून `R = e`. टोकाला, म्हणजे `|x| = e` असताना, तोच रेशो `e/(1+1/n)ⁿ` होतो. लिमिट 1 आहे म्हणून टेस्ट काही सांगत नाही हे खरं, पण रेशोकडे लिमिट न घेता बघा: `(1+1/n)ⁿ` नेहमी `e`पेक्षा कमी असतं, म्हणून प्रत्येक रेशो 1 पेक्षा मोठा, म्हणजे पदं आकाराने वाढतच जातात. वाढणारी पदं शून्याकडे जाणार कशी? दोन्ही टोकांना अपसारी, `−e` ला चिन्हं बदलत असूनसुद्धा, आणि उत्तर `(−e, e)`.

दोन्ही टोकं आत असल्याचं प्रसिद्ध उदाहरण केरळच्या माधवांच्या परंपरेतली व्यस्त टॅनची सिरीज, `x − x³/3 + x⁵/5 − …`. `R = 1`, आणि `x = 1` ला `1 − 1/3 + 1/5 − …` हे लायब्निझच्या टेस्टने कन्व्हर्ज होतं. पण त्याची किंमत `π/4` आहे हे नुसत्या कन्व्हर्ज होण्यावरून निघत नाही, कारण आतमध्ये सिरीज आणि फंक्शन सारखी आहेत एवढ्यावरून टोकालाही सारखी असतील असं म्हणता येत नाही. ते जोडून देतं ते आबेलचं प्रमेय (1826): टोकाला सिरीज कन्व्हर्ज होत असेल तर तिची बेरीज, आतून टोकाकडे जाताना येणाऱ्या लिमिटइतकीच असते. या टोकावर वेगसुद्धा फार कमी आहे, `π` काढायला `N` पदं घेतली तर चूक साधारण `1/N` इतकी राहते.

डेरिव्हेटिव्ह घेतला तर त्रिज्या बदलत नाही, टोकं मात्र गळू शकतात. `Σ xⁿ/n²` चं अंतराल `[−1, 1]`, कारण दोन्ही टोकांना पदांचा आकार `1/n²` आणि त्याची बेरीज कन्व्हर्ज होते. एकदा डेरिव्हेटिव्ह घेतल्यावर `Σ xⁿ⁻¹/n`, आता 1 ला हार्मोनिक सिरीज म्हणून ते गेलं, उरलं `[−1, 1)`. परत एकदा घेतल्यावर `Σ (n−1)xⁿ⁻²/n`, टोकांना पदांचा आकार 1 कडे जातो, शून्याकडे नाही, म्हणून −1 पण गेलं आणि `(−1, 1)` राहिलं. त्यामुळे डेरिव्हेटिव्ह घेऊन एका सिरीजवरून दुसरी काढली असेल तर `R` बिनधास्त तसाच उचलायचा, पण टोकं प्रत्येक वेळी नव्याने तपासायची.