मोहरा बाहेर काढणं आणि मोहरा कामाला लावणं: Chess960 मध्ये हा फरक का चावतो

नेहमीच्या बुद्धिबळात या दोन गोष्टी वेगळ्या करायची वेळच येत नाही. g1 वरचा घोडा f3 वर आला की तो बाहेरही आला आणि कामालाही लागला. प्याद्यांच्या मागे कोंडलेला उंट c4 वर गेला की त्याचंही तेच. त्यामुळे ‘मोहरे बाहेर काढा’ हा लहानपणी शिकवलेला नियम आपण तपासून न बघता वर्षानुवर्षं पाळतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबर ठरतो. सुरुवातीची मांडणीच तशी आहे की जवळजवळ प्रत्येक मोहऱ्याला घरात काही दिसत नाही.

Chess960 म्हणजे बॉबी फिशरने १९९६ साली ब्यूनस आयर्समध्ये जाहीर केलेला प्रकार. त्यात मागच्या रांगेतले मोहरे चिठ्ठ्या टाकल्यासारखे मांडले जातात. अटी दोनच. दोन्ही उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांवर हवेत आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये कुठेतरी हवा. काळ्याची मांडणी पांढऱ्याच्या समोरासमोर, तशीच. अशा ९६० मांडण्या होतात, त्यातली एक आपली नेहमीची. उरलेल्या ९५९ मध्ये पाठ केलेलं ओपनिंग संपतं आणि माणूस लहानपणच्या नियमाकडे परत जातो: मोहरे बाहेर काढा. पहिल्या पाच-सहा खेळ्यांत होणाऱ्या चुकांपैकी बऱ्याच इथूनच येतात, असं माझं मत आहे. ओपनिंग येत नाही म्हणून कमी, आणि नियम अर्धाच आठवतो म्हणून जास्त.

एक मांडणी घेऊ. पट समोर ठेवलात तर उत्तम. a1 पासून h1 पर्यंत क्रमाने: उंट, उंट, वजीर, घोडा, घोडा, हत्ती, राजा, हत्ती. म्हणजे उंट a1 आणि b1 वर, वजीर c1 वर, घोडे d1 आणि e1 वर, हत्ती f1 आणि h1 वर, त्यांच्या मध्ये g1 वर राजा. काळ्याचं a8 पासून h8 पर्यंत हेच.

आता a1 च्या उंटाकडे बघा. तो कोपऱ्यात आहे, म्हणून वाईट जागी आहे असं वाटतं. पण पांढऱ्याने नुसतं b3 खेळलं की हा उंट b2 पासून थेट g7 च्या प्याद्यापर्यंत बघतो. पटावरचा सगळ्यात लांब कर्ण त्याच्या ताब्यात, आणि तो स्वतः तसूभरही हललेला नाही. पुढे c4 खेळलं की b1 चा उंट c2 वरून h7 पर्यंत मोकळा. दोन प्यादी हलली, उंट एकही हलला नाही, आणि दोन्ही उंट काळ्याच्या राजासमोरच्या प्याद्यांवर रोखले गेले. नेहमीच्या सवयीने मोजलं तर उत्तर येतं ‘बाहेर काढलेले मोहरे: शून्य’. खरं तर पांढऱ्याचं अर्धं काम झालेलं असतं. इथे पुष्कळ जण b3 नंतर उंट a1 वरून b2 वर आणतात, कारण फियांकेटो म्हटलं की उंट b2 वरच दिसायला हवा. ती खेळी फुकट. त्या लांब कर्णावर उंट b2 वर असला काय आणि a1 वर असला काय, g7 तेवढाच दिसतो.

न हललेला उंट किती धोकादायक असतो हे दोन छोट्या उदाहरणांत दिसतं. पांढऱ्याने b3 खेळलं आणि काळ्याने सवयीने e5 खेळलं, तर a1 चा उंट ते प्यादं फुकट खातो. e5 ला आधार देणारं काळ्याकडे काहीच नाही: b8 चा उंट c7 च्या प्याद्यामागे बंद आहे आणि d8, e8 वरचे घोडे e5 वर मारा करत नाहीत. b3 ला g6 हे उत्तर दिलं तर आणखी महाग पडतं. g7 रिकामं झालं की a1 च्या उंटासमोर थेट h8 चा हत्ती येतो. उंट तो खातो, राजा उंटाला खातो, म्हणजे उंटाच्या बदल्यात हत्ती गेला. नेहमीच्या डावात b3 नंतर पांढऱ्याला उंट b2 वर आणायला एक खेळी लागते, तेवढ्यात काळा सावरतो. इथे ती सवड नाही.

पांढऱ्यालाही हेच लागू आहे. पहिल्याच खेळीत e4 ठोकलं तर काळा b6 खेळतो आणि a8 च्या उंटाचा मारा e4 वर येतो. प्यादं लगेच जात नाही, पण ते राखायला एक खेळी खर्च होते. घोडा c3 वर आणून राखलं तर स्वतःचा a1 चा उंट बंद. c4 खेळून b1 च्या उंटाने राखलं तर तोच उंट आपल्याच e4 च्या प्याद्यावर अडकतो.

आता उलटी बाजू, म्हणजे मोहरा बाहेर येतो पण कामाला लागत नाही.

या मांडणीत सुरुवातीला एकच प्यादं बिनआधाराचं आहे: पांढऱ्याचं e2 आणि काळ्याचं e7. बाकी सगळ्यांना कोणी ना कोणी राखतंय. (मांडणी मिळाली की सगळ्यात आधी हे बघावं, दोन मिनिटं लागतात आणि डावभर उपयोगी पडतं.) हे लक्षात आलेला उत्साही खेळाडू b3 नंतर वजीर c1 वरून a3 वर नेतो आणि e7 वर मारा करतो. समजा काळ्याने b6 खेळलेलं आहे. आता तो c5 खेळतो. ते प्यादं b6 च्या आधाराने उभं राहतं, वजिराचा रस्ता बंद होतो, आणि त्याच खेळीने काळ्याचा b8 चा उंट h2 पर्यंत मोकळा होतो. हिशोब मांडा: पांढऱ्याचा सर्वांत बलाढ्य मोहरा ‘बाहेर’ आहे आणि a3 वर त्याला करण्यासारखं काही नाही. काळ्याचा एकही मोहरा बाहेर नाही, पण त्याचे दोन्ही उंट खेळात आहेत.

घोड्यांच्या बाबतीत हा गोंधळ सगळ्यात जास्त होतो, कारण घोडा मधल्या घरांकडे नेणं आपल्या हाडीमाशी खिळलेलं असतं. b3 b6, c4 c5 अशा दोन-दोन खेळ्या झाल्या असं धरा. आता पांढरा e1 चा घोडा d3 वर आणतो. दिसायला झकास: घोडा मध्यावर, नजर e5, f4 आणि c5 वर. पण या एका खेळीने तीन गोष्टी घडतात. b1 चा उंट पुन्हा बंद होतो. e1 वर बसून घोडा g2 ला राखत होता, ते काम सुटतं. आणि काळा वजीर b7 वर आणतो. मागे a8 वर उंट, पुढे वजीर, दोघांचा रोख g2 वर. पुढच्या खेळीत वजीर g2 खातो आणि मात होते: राजाच्या दोन्ही बाजूंना स्वतःचे हत्ती, पुढे f2 आणि h2 वर स्वतःची प्यादी, आणि वजिराला a8 च्या उंटाचा आधार. पांढऱ्याला हे थांबवता येतं, डाव हरलेला नाही. पण नुकतीच ‘विकासाची’ खेळी खेळलेला माणूस पुढच्याच खेळीत बचावाला लागतो.

म्हणून घोडा हलवण्याआधी मी तीन प्रश्न विचारतो. तो आत्ता जिथे आहे तिथे काय करतोय? नव्या घरी गेल्यावर काय करेल? आणि वाटेत आपल्यापैकी कोणाचं तोंड बंद करेल? नेहमीच्या मांडणीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘फारसं काही नाही’ असतं, म्हणून तो विचारायची सवयच लागत नाही.

याच स्थितीत d1 चा घोडा e3 वर आणून बघा. तिथून तो d5 आणि f5 वर नजर ठेवतो, g2 ला आणखी एक राखणदार मिळतो, आणि दोन्ही उंटांचे कर्ण मोकळे राहतात. किंमत एवढीच की e2 चं प्यादं त्याच्यामागे अडतं. पण c4 च्या प्याद्याने काळ्या वजिराची a6 वरून e2 वर यायची वाट आधीच बंद केलेली आहे, त्यामुळे काही काळ ते तिथे सुखाने बसू शकतं. नंतर e1 चा घोडा f3 वर जातो. तिथे a8 च्या काळ्या उंटाचा कर्णही त्याच्यावर येऊन थांबतो. काळ्याने उंट देऊन तो घोडा घेतला तर g2 वरचा दाबच जातो, त्याला पांढऱ्याची हरकत नसावी.

उरला राजा. g1 वर राजा, f1 वर हत्ती, पुढे तीन प्यादी: हे चित्र बघून ‘कॅसलिंग झालेलंच आहे’ असं वाटतं. तसं नाही. h1 चा हत्ती कोपऱ्यात गाडलेला आहे, आणि h चं प्यादं ढकलून तो बाहेर काढणं म्हणजे राजासमोरची भिंत पाडणं. Chess960 मध्ये लहान बाजूचं कॅसलिंग केलं की राजा g1 वर आणि हत्ती f1 वर येतो, मग ते सुरुवातीला कुठेही असोत. इथे राजा आधीच g1 वर आहे, म्हणून तो हलणारच नाही. फक्त h1 चा हत्ती राजावरून उडी मारून f1 वर येईल. पण त्यासाठी f1 रिकामं हवं. घोडा f3 वर गेला की f1 चा हत्ती e1 वर सरकतो, e2 ला राखतो, आणि मग कॅसलिंग. f1 चा हत्ती हलल्याने फक्त लांब बाजूच्या कॅसलिंगचा हक्क जातो, आणि तो तसाही c1, d1, e1 तिन्ही रिकामी केल्याशिवाय वापरता आला नसता. हक्क असतो राजा आणि ज्या हत्तीशी कॅसलिंग करायचं तो हत्ती, दोघंही न हललेले असतील तरच.

काळ्याने आडकाठी केली नाही तर एकूण खेळ्या सहा: b3, c4, घोडा e3, घोडा f3, हत्ती e1, कॅसलिंग. मागच्या रांगेतून वर आले ते फक्त दोन घोडे. उंट आपापल्या घरीच, वजीर c1 वर, राजा जागचा हललेला नाही, आणि तरी निष्क्रिय म्हणावा असा वजीर सोडून एकही मोहरा नाही. वजिराची मला घाई वाटत नाही, कारण त्याच्यासाठी चांगलं घर कोणतं हे काळ्याच्या मांडणीवर ठरेल.

घरबसल्या कामाला लागलेल्या मोहऱ्याची एक अडचण मात्र आहे: त्याचं काम समोरचा एका प्याद्याने बंद करू शकतो. काळ्याने f6 खेळलं की a1 चा उंट f6 वर येऊन थांबतो, आणि मग g6 खेळायलाही काळ्याला भीती उरत नाही, म्हणजे b1 चा उंटही थांबला. असं झालं की ते उंट खरोखर हलवायची वेळ येते, आणि त्या वेळी a1 चा उंट b2 वरून a3 कडे वळवणं ही फुकट खेळी राहत नाही. f6 पडलं आहे की नाही, हे दर खेळीला बघत राहावं लागतं.

संगणकावर खेळत असाल तर एक व्यवहाराची गोष्ट. Lichess वर Chess960 मध्ये कॅसलिंग करायला राजा उचलून आपल्याच हत्तीवर ठेवायचा. या मांडणीत दुसरा मार्गच नाही, कारण राजाला जायला नवं घर नाही. प्रत्यक्ष पटावर मात्र हत्तीला हात लावण्याआधी ‘कॅसलिंग करतोय’ असं समोरच्याला सांगावं, नाहीतर ती नुसती हत्तीची बेकायदा उडी दिसते.