दोन ई-मेल, एक वाचक: खाती एकत्र होताना खरेदीचे आणि इतिहासाचे काय होते

एकाच माणसाची एकाच दुकानात दोन खाती तयार होण्यामागे बहुतेक वेळा साधा विसर असतो. कोणी पहिले खाते कार्यालयाच्या ई-मेलने उघडतो, नोकरी बदलल्यावर नव्या फोनवर 'गुगलने साइन इन करा' हे बटण दाबतो, आणि दुकानाच्या दृष्टीने दुसराच ग्राहक जन्माला येतो. 'साइन इन विथ ॲपल' वापरताना 'हाइड माय ई-मेल' हा पर्याय निवडला, तर ॲपल दुकानाला privaterelay.appleid.com या क्षेत्रनामाचा एक यादृच्छिक पत्ता देते, आणि त्या पत्त्यावरून जुना ग्राहक ओळखण्याचा कोणताही मार्ग दुकानाकडे उरत नाही. पुढे केव्हातरी जुनी पुस्तके नव्या खात्यात दिसत नाहीत आणि वाचक ग्राहकसेवेला लिहितो: 'माझी दोन्ही खाती एक करा.' ही विनंती वाटते तितकी सोपी नाही, आणि तिचा अवघडपणा खरेदीपेक्षा इतिहासात अधिक आहे.

सर्वप्रथम एक गोष्ट समजून घ्यावी लागते, ती म्हणजे ई-मेल हे खाते नव्हे. दुकानाच्या माहितीसाठ्यात प्रत्येक ग्राहकाला एक क्रमांक दिलेला असतो, आणि खरेदी, पाकिटातील शिल्लक, वाचनाच्या खुणा, अभिप्राय अशा सगळ्या नोंदी त्या क्रमांकाशी बांधलेल्या असतात. ई-मेल हा त्या क्रमांकाच्या दारावर लावलेला नावफलक असतो, जो बदलला तरी घर तेच राहते. म्हणून ग्राहकाला नवा ई-मेल हवा असला तरी जुन्या क्रमांकाचे खाते टिकवून त्यावर नवा पत्ता लावता येतो. कोणता क्रमांक टिकवायचा आणि कोणता पत्ता ठेवायचा हे दोन वेगळे निर्णय आहेत.

समजा, ई-पुस्तकांच्या एका काल्पनिक दुकानात एका वाचकाचे जुने खाते 1042 या क्रमांकाचे असून त्यात ४६ पुस्तके आणि पाकिटात ३४० रुपये आहेत. नवे खाते 7719 असून त्यात १९ पुस्तके आणि १२५ रुपये आहेत. चार पुस्तके दोन्हीकडे आहेत, कारण नव्या खात्यात ती दिसली नाहीत म्हणून वाचकाने पुन्हा घेतली. दुकानाने 1042 टिकवायचे ठरवले. आता 7719 च्या प्रत्येक नोंदीवरचा मालकाचा क्रमांक बदलला की काम झाले, असे प्रथमदर्शनी वाटते. खरेदीच्या पावत्यांच्या तक्त्यात ते बरेचसे खरेही आहे, कारण तेथे एकच पुस्तक दोनदा घेतल्याच्या दोन नोंदी शेजारी राहू शकतात. वाचकाच्या कपाटाच्या तक्त्यात मात्र एका वाचकाकडे एक पुस्तक एकदाच असावे असा नियम घातलेला असतो, आणि तेथे सरसकट क्रमांक बदलायला गेले तर पहिल्याच सामाईक पुस्तकावर नियमभंग होऊन सारी क्रिया थांबते. म्हणून पोस्टग्रेस या माहितीसाठ्याच्या प्रणालीत असे काहीतरी लिहिले जाते:

```sql
INSERT INTO library (user_id, book_id, access, expires_on)
SELECT 1042, book_id, access, expires_on
FROM library WHERE user_id = 7719
ON CONFLICT (user_id, book_id) DO NOTHING;
```

शेवटच्या ओळीचा अर्थ असा की पुस्तक टिकणाऱ्या खात्यात आधीच असेल, तर काहीही करू नये. कपाटात १५ नवी पुस्तके येतात आणि एकूण संख्या ६१ होते, तर पावत्या ६५ राहतात. हा चारचा फरक चूक नसून योग्यच आहे, आणि विलीनीकरण नीट झाले की नाही हे तपासताना हा हिशेब पहिल्यांदा जुळवून पाहावा.

परंतु याच ओळीत एक सापळा दडलेला आहे. त्या चारांपैकी एक पुस्तक जुन्या खात्यात तीस दिवसांच्या भाड्याने घेतलेले होते आणि नव्या खात्यात ते कायमचे विकत घेतले, असे धरू. 'काहीही करू नये' या सूचनेमुळे भाड्याची नोंद टिकते, विकत घेतलेली नोंद गळून पडते, आणि भाड्याची मुदत संपल्यावर पुस्तक कपाटातून नाहीसे होते. त्या दिवशी वाचकाला विलीनीकरणाची आठवणही उरलेली नसते, त्यामुळे तक्रार 'पुस्तक गायब' अशी येते आणि कारण शोधायला फार वेळ लागतो. योग्य नियम असा की दोन नोंदींत भांडण झाले, तर ज्या नोंदीने वाचकाला अधिक हक्क मिळतो ती टिकवावी. त्यासाठी वरची शेवटची ओळ बदलून दोन्ही नोंदींची तुलना करावी लागते.

पैशांच्या बाबतीत धोका वेगळा आहे. ३४० मध्ये १२५ मिळवले की ४६५ होतात. पण मध्येच नेटवर्क तुटले आणि यंत्रणेने तीच क्रिया पुन्हा केली, तर पाकिटात ५९० रुपये दिसू लागतात. पुस्तकांचा संच दोनदा मिसळला तरी तसाच राहतो, बेरीज मात्र दोनदा केली की बदलते. म्हणून शिल्लक हा एक आकडा म्हणून न ठेवता जमा-नावे पद्धतीच्या वहीत ठेवतात: 7719 मधून १२५ रुपये वजा, 1042 मध्ये १२५ रुपये जमा, आणि दोन्हींवर या विलीनीकरणाचा एकच खूणक्रमांक. तो क्रमांक पुन्हा आला तर यंत्रणा नोंद नाकारते. आपल्याकडच्या किराणा दुकानदाराच्या खतावणीत हीच समज आहे, हे जाता जाता सांगायला हरकत नाही.

चालू वर्गणी दोन्ही खात्यांवर असेल, तर ती आधी एका बाजूला बंद करणे हिताचे असते. यूपीआय ऑटोपे किंवा कार्डावरचा आवर्ती आदेश हा बँक आणि दुकान यांच्यामधला असतो. दुकानाने दोन खाती एक केली हे बँकेला कळत नाही, आणि दोन आदेश जिवंत राहिले तर दोन्ही वेळा पैसे कापले जातात. पावत्या मात्र ज्या तपशिलांनी निघाल्या तशाच राहतात. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने हिशेब सांभाळणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे, त्यामुळे जुन्या पावतीवर जुनाच ई-मेल दिसला म्हणून काही अडले असे समजू नये.

आता इतिहासाकडे वळू. एका कादंबरीत जुने खाते ६२ टक्क्यांवर आहे आणि नवे १५ टक्क्यांवर. मोठा आकडा खरा मानावा, हे पहिले उत्तर बहुतेकांना सुचते, आणि पहिल्यांदाच वाचणाऱ्यासाठी ते बरोबरही ठरते. पण वाचकाने तेच पुस्तक दोन वर्षांनी पुन्हा वाचायला घेतले असेल, तर त्याची आजची जागा १५ टक्क्यांवरच आहे. म्हणून शेवटी कोणती खूण नोंदली गेली ते पाहणे अधिक शहाणपणाचे ठरते. त्यासाठीही फोनच्या घड्याळावर विसंबून चालत नाही, कारण चुकीची तारीख लावलेला एखादा फोन भविष्यातली खूण पाठवून बाकी सगळ्या खुणांवर मात करतो. नोंद सर्व्हरवर कधी पोहोचली ती वेळही सोबत ठेवावी लागते.

याहून अवघड आहे पुसलेल्या गोष्टींचा प्रश्न. वाचकाने जुन्या खात्याच्या इतिहासातून एखादे शीर्षक मुद्दाम काढून टाकले, आणि तेच शीर्षक नव्या खात्याच्या इतिहासात राहिले. दोन्ही याद्यांची बेरीज केली की पुसलेले शीर्षक परत येते. संगणकाला 'कधी नव्हतेच' आणि 'होते, पण काढले' यांतला फरक आपोआप कळत नाही. त्यासाठी पुसण्याच्या क्षणी नोंद पूर्णपणे नष्ट न करता 'हे काढलेले आहे' अशी तारखेसह खूण ठेवावी लागते. अभियंते हिला टूमस्टोन म्हणतात. ज्या दुकानाने अशी खूण ठेवलीच नव्हती, त्याला विलीनीकरणाच्या वेळी ती मागाहून निर्माण करता येत नाही.

शिफारशींचे गणित यापेक्षा वेगळे आहे. वाचकाची आवड म्हणून यंत्रणेने काढलेले आकडे हे मूळ माल नसून त्यापासून शिजवलेला पदार्थ असतात. दोन खात्यांतले असे आकडे एकमेकांत मिसळण्याऐवजी ते टाकून द्यावेत आणि एकत्र झालेल्या मूळ नोंदींवरून नव्याने काढावेत. त्यामुळे विलीनीकरणानंतर काही काळ शिफारशी विचित्र वाटल्या, तर तो बिघाड असेलच असे नाही. मात्र नव्या खात्यावर घरातील लहान मुलेही वाचत असतील, तर बालगीते आणि कायद्याची पुस्तके एकाच यादीत कायमची येऊन बसतात, आणि ती वेगळी करण्याचा उपाय गणितात नाही.

हे सारे सुरू होण्यापूर्वी दोन्ही खाती एकाच माणसाची आहेत हे सिद्ध व्हावे लागते, आणि त्यासाठी दोन्ही पत्त्यांवर ओटीपी पाठवणे हाच किमान मार्ग आहे. नुसता ई-मेल जुळला म्हणून खाती आपोआप जोडणे किती धोक्याचे असते, ते अविनाश सुधोदनन आणि अँड्र्यू पॅव्हर्ड यांनी २०२२ साली दाखवले. हल्लेखोर दुसऱ्याच्या ई-मेलवर आधीच खाते उघडून स्वतःचा पासवर्ड ठेवतो. खरा माणूस पुढे गुगलच्या बटणाने आत येतो, सेवा दोन्ही एकत्र करते, आणि हल्लेखोराचा पासवर्ड चालूच राहतो. त्यांनी तपासलेल्या ७५ लोकप्रिय सेवांपैकी किमान ३५ सेवा या प्रकारच्या एका ना एका हल्ल्याला बळी पडू शकत होत्या. आपल्या वाचकाच्या बाबतीत धोका उलट दिशेने येतो: कार्यालयाचा जुना पत्ता कंपनी पुढे दुसऱ्या कर्मचाऱ्याला देऊ शकते, म्हणून विलीनीकरणानंतर त्या पत्त्याचा लॉगिनचा आणि पासवर्ड बदलण्याचा हक्क काढून घेतला पाहिजे.

प्रत्यक्षात मोठ्या कंपन्या या कामाला किती बिचकतात, ते पाहण्यासारखे आहे. वेगवेगळी गुगल खाती एकत्र करता येत नाहीत असे गुगल स्पष्ट सांगते, आणि प्ले स्टोअरवरील खरेदी एका खात्यातून दुसऱ्यात नेता येत नाही. ॲपलच्या अनेक जुन्या ग्राहकांकडे आयट्यून्सच्या खरेदीसाठी एक आणि आयक्लाउडसाठी दुसरे अशी दोन खाती होती, तरी खरेदी हलवण्याची सोय २०२५ च्या फेब्रुवारीत आली. सुरुवातीला ती भारत, युनायटेड किंगडम आणि युरोपीय संघात उपलब्ध नव्हती. ती विलीनीकरण नव्हेच. दुय्यम खात्याची खरेदी मुख्य खात्याकडे जाते, दोन्ही खाती एकाच देशाची असावी लागतात, आणि दोन्हींकडे संगीतसंग्रहाची माहिती असेल तर ते काम होतच नाही. हक्कांपेक्षा इतिहास मिसळणे कठीण असते, हे या शेवटच्या अटीतून दिसते.

ॲपलने हे स्थलांतर मागे घेण्याचीही सोय ठेवली आहे, आणि आपल्या दुकानाला ती द्यायची असेल तर क्रमांक बदलताना प्रत्येक नोंदीवर ती मूळची कोणत्या खात्याची होती हे लिहून ठेवावे लागेल. ६१ पुस्तके पुन्हा ४६ आणि १९ अशी वाटायची, तर सामाईक चार पुस्तकांच्या गळलेल्या नोंदीही कोठेतरी जपलेल्या असाव्या लागतात. विलीनीकरणानंतर घेतलेले बासष्टावे पुस्तक कोणत्या खात्याकडे जाईल, हे मात्र दुकानाने आधीच ठरवून वाचकाला सांगितलेले असावे लागते.