आकृती न दाखवता चंद्राच्या कला समजावून सांगताना
विज्ञानविषयक पॉडकास्ट करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या स्टुडिओत विज्ञानविषयक भाग ध्वनिमुद्रित करण्यासाठी येणाऱ्या बहुतेकांना फळ्यावर किंवा पडद्यावर आकृती दाखवून बोलण्याची सवय असते. माइकसमोर आकृती नसते, तरी ती बोलण्यात शिल्लक राहते: "इथे सूर्य आहे, हा चंद्र, आणि आता हा कोन पाहा." ऐकणाऱ्याला "इथे" म्हणजे कुठे आणि "हा" म्हणजे कोणता, हे कळायला काहीच मार्ग नसतो. अशा वेळी काय करता येते, हे या पत्रकात चंद्राच्या कलांचे एकच उदाहरण घेऊन सविस्तर मांडले आहे.

पाठ्यपुस्तकातील कलांची आकृती उत्तर ध्रुवाच्या बऱ्याच वरून पाहिलेली असते. मध्ये पृथ्वी, भोवती चंद्राच्या आठ जागा, आणि त्यांच्या बाहेर प्रत्येक जागेवरचा चंद्र पृथ्वीवरून कसा दिसतो याचे दुसरे वर्तुळ. म्हणजे एकाच कागदावर दोन ठिकाणांहून पाहिलेली दृश्ये असतात. डोळा त्यांच्यात सहज ये-जा करतो. कानाने ऐकणाऱ्याला मात्र आपण नेमके कुठून पाहत आहोत हे दर वाक्याला नव्याने ठरवावे लागते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच तो नाद सोडून देतो. म्हणून संहिता लिहिण्यापूर्वी श्रोत्याला कुठे उभे करायचे ते ठरवावे आणि शेवटपर्यंत त्याला तिथून हलवू नये. कलांच्या बाबतीत ती जागा पृथ्वीची आहे.

संहितेतील मुख्य परिच्छेद साधारण असा होऊ शकतो:

"तुम्ही एका अंधाऱ्या खोलीच्या मधोमध उभे आहात असे समजा. समोर, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर, एकच दिवा जळतो आहे. तो सूर्य. तुमचे डोके म्हणजे पृथ्वी. हात समोर ताठ धरून तुम्ही एक पांढरा चेंडू धरला आहे. तो चंद्र. आत्ता चेंडू दिव्याच्या बाजूला आहे, म्हणून उजेड त्याच्या पलीकडच्या अंगावर पडतो आणि तुमच्याकडचे अंग काळे दिसते. ही अमावास्या. आता हात तसाच ठेवून जागच्या जागी डावीकडे पाव वळण घ्या. दिवा तुमच्या उजव्या हाताला आला. चेंडूची उजवी अर्धी बाजू उजळली आहे आणि डावी काळी आहे. ही शुद्ध अष्टमी. आणखी पाव वळण घ्या. दिवा पाठीमागे गेला. हात थोडा वर करा, म्हणजे डोक्याची सावली चेंडूवर पडणार नाही. आता चेंडूचे तुमच्याकडचे सगळे अंग उजळले आहे. ही पौर्णिमा."

पुढचे अर्धे वळण श्रोता स्वतःच पुरे करतो, आणि वद्य अष्टमीला डावी बाजू उजळलेली असणार हे बहुधा तुम्ही सांगण्याआधीच ओळखतो. या परिच्छेदात प्रत्येक वेळी आधी दिव्याची जागा सांगितली आहे आणि मग चेंडू कसा दिसतो ते; हा क्रम उलटला की चित्र विस्कटते. तिथींची नावेही मुद्दाम वापरली आहेत, कारण पंचांगातील एक तिथी म्हणजे चंद्राने सूर्यापासून 12 अंश पुढे सरकणे, आणि अष्टमी 84 ते 96 अंशांच्या दरम्यान असल्याने पाव वळण, म्हणजे 90 अंश, तिच्या बरोबर मध्यावर येते. मराठी श्रोत्याला हे माप आधीच ठाऊक असते. ते सोडून नवा शब्द शिकवण्याचे कारण नाही.

चित्र कुठे फसवते

"हात थोडा वर करा" हे वाक्य क्षुल्लक वाटते, म्हणून ते गाळले जाते, आणि कलांविषयीचा सर्वांत रुजलेला गैरसमज तिथेच पक्का होतो. पृथ्वीच्या सावलीमुळे कला दिसतात असे अनेक सुशिक्षित लोक मानतात. चेंडू हाताच्या अंतरावर असल्यामुळे डोक्याची सावली त्याला सहज झाकते आणि श्रोत्याला आपले बरोबरच होते असे वाटते. खरे अंतर पाहा: डोके 20 सेंटिमीटरचे धरले, तर चंद्र सुमारे साडेपाच सेंटिमीटर व्यासाचा होईल आणि तो 6 मीटर दूर असेल. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे 5 अंशांनी कललेली असल्याने त्या अंतरावर तो अर्धा मीटर वर किंवा खाली जाऊ शकतो, आणि तिथे पृथ्वीची गडद सावली जेमतेम 14 सेंटिमीटर रुंद असते. म्हणून बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावली चुकवून जातो आणि ग्रहण क्वचित होते. एवढे आकडे भागात सांगू नयेत. "खरा चंद्र खोलीच्या पलीकडे, सहा मीटरवर आहे, म्हणून सावली त्याला सहसा गाठत नाही" हे एक वाक्य पुरते. त्याला जोड म्हणून शुद्ध अष्टमीची संध्याकाळ सांगावी: सूर्य मावळत असताना अर्धा चंद्र आकाशात उंच असतो. सूर्य पश्चिम क्षितिजावर असताना पृथ्वीची सावली पूर्वेकडे पडलेली असते. उंचावरच्या चंद्राशी तिचा संबंध येत नाही.

दुसरी अडचण वळण्याची. श्रोत्याचे एक पूर्ण वळण म्हणजे साडेएकोणतीस दिवस, पण पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे शाळेपासून डोक्यात असल्यामुळे अनेकजण ते वळण म्हणजे एक दिवस असे धरतात. हा खुलासा वळायला सांगण्यापूर्वीच करावा, नंतर केल्यास उपयोग होत नाही.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी

दोन वक्ते टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसतात, तेव्हा एकाची डावी बाजू दुसऱ्याची उजवी असते, आणि बोलण्याच्या ओघात पाहुणा हाताने उलट दिशा दाखवत "म्हणजे इकडे" असे म्हणून जातो. त्यामुळे हा परिच्छेद एकाच व्यक्तीने, शक्यतो वाचून, बोलावा अशी आमची विनंती असते. संवाद नैसर्गिक वाटतो हे मान्य आहे, परंतु दिशांच्या बाबतीत तो घातक ठरतो.

प्रत्येक वळणानंतर श्रोत्याला वेळ हवा असतो. तो वेळ निव्वळ शांततेने भरू नये, कारण अनेक ॲपमध्ये शांतता आपोआप कापली जाते आणि दीडपट वेगाने ऐकणारेही पुष्कळ असतात. त्याऐवजी जे दिसायला हवे ते आणखी एका वाक्यात सांगावे. "चेंडूची उजवी अर्धी बाजू उजळली आहे" हे वाक्य तेच काम करते. गाडी चालवत ऐकणाऱ्यांसाठी हे सगळे मनातल्या मनात करायचे आहे, असे आरंभीच स्पष्ट सांगावे.

चित्र पोचले की नाही हे तपासण्यासाठी कच्चे ध्वनिमुद्रण विषय न जाणणाऱ्या एखाद्या व्यक्तीला एकदाच ऐकवून "शुद्ध अष्टमीला दिवा तुमच्या कोणत्या बाजूला होता?" असे विचारावे. "समजले का?" या प्रश्नाला सगळेच होकार देतात. उत्तर "उजव्या" असे न थांबता आले तर परिच्छेद जसाच्या तसा ठेवावा. "मागे" असे आले तर पहिल्या वळणाचे वाक्य निसटले आहे, आणि तेवढेच पुन्हा बोलून घ्यावे. ही दुरुस्ती त्याच दिवशी, त्याच माइकवर करणे बरे, कारण दुसऱ्या दिवशीचा आवाज जोडलेला ऐकू येतो. म्हणून अशा भागांसाठी मुद्रणाची वेळ ठरवताना ऐकवण्यासाठी अर्धा तास धरून ठेवावा आणि ऐकणाऱ्या व्यक्तीला सोबत आणावे. ते शक्य नसल्यास आमच्या कार्यालयातील एखादा सहकारी ते काम करील.