औषधाने न वाढणारं रक्त

पावसाळ्याच्या शेवटी सोलापुरात एखाद्या लहान मुलाला ताप आला आणि प्लेटलेट कमी निघाल्या, की सगळ्यांच्या मनात आधी डेंग्यू येतो. बहुतेक वेळा तो अंदाज बरोबर असतो. मूल फिकं दिसलं की लोहाचं सिरप सुरू होतं, आणि तेही बहुतेक मुलांना लागू पडतं. पण काही थोडी मुलं अशी असतात की त्यांच्या प्लेटलेट ताप उतरल्यावरही वर येत नाहीत आणि सिरपच्या बाटल्या संपल्या तरी हिमोग्लोबिन हलत नाही. त्यांच्या अस्थिमज्जेलाच, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या हाडांमधल्या मगजाला, जन्मजात दोष असतो. या आजारांपैकी फॅन्कोनी ॲनिमिया आणि डायमंड-ब्लॅकफॅन ॲनिमिया ही दोन नावं पालकांनी आणि गावोगावच्या डॉक्टरांनी ओळखीची करून घ्यावीत, असं मला मनापासून वाटतं.

एक उदाहरण घेऊ. ते मी रचलेलं आहे, पण यातले आकडे अशा मुलांच्या रिपोर्टमध्ये दिसतात तसेच आहेत. सहा वर्षांची मुलगी, वडील यंत्रमागावर कामाला. ताप आला म्हणून सीबीसी केला. हिमोग्लोबिन ९.१, पांढऱ्या पेशी ३,९००, प्लेटलेट ६२,०००. डेंग्यूची एनएस-१ तपासणी निगेटिव्ह आली, तरी ‘व्हायरल असेल’ म्हणून धीर दिला गेला. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासलं तर ताप कधीच गेलेला, आणि प्लेटलेट ५४,०००. डेंग्यूमध्ये ताप उतरल्यावर साधारण आठवडाभरात प्लेटलेट सावरतात. इथे त्या आणखी खाली आल्या होत्या, त्यामुळे हा डेंग्यू नव्हे एवढं तरी नक्की झालं.

आता त्याच रिपोर्टमधली एक ओळ पाहा, जिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं: एमसीव्ही ९७. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान. लॅबच्या छापील कागदावर शेजारी ८० ते १०० असं लिहिलेलं असतं, म्हणून ९७ ला ना ठळक अक्षर, ना बाण. पण ती मर्यादा मोठ्या माणसांची आहे. लहान मुलांच्या लाल पेशी मुळातच लहान असतात. बाळ वर्षाचं झाल्यावर एक सोपं गणित वापरता येतं: वय जितकी वर्षं, त्याला ०.६ ने गुणायचं आणि ८४ मध्ये मिळवायचं. सहा वर्षांच्या मुलीसाठी वरची मर्यादा साधारण ८७.६ येते. म्हणजे ९७ हा आकडा तिच्यासाठी चांगलाच मोठा आहे. लोह कमी पडलं तर पेशी लहान होतात, मोठ्या होत नाहीत. मोठ्या पेशी पाहूनही लोहाचं सिरप चालू ठेवणं म्हणजे चुकीच्या दिशेने चालत राहणं.

पेशी मोठ्या का होतात? पेशी कमी पडल्या की शरीर अस्थिमज्जेवर दाब आणतं. दाबाखालची अस्थिमज्जा घाईघाईने, गर्भातल्या बाळासारख्या पेशी तयार करू लागते. त्या मोठ्या असतात आणि त्यांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, जास्त असतं. फॅन्कोनीत ही खूण बरेचदा रक्त फार कमी होण्याच्या आधीपासून दिसते. मात्र याच मुलीला सोबत लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया मायनर असता, तर एमसीव्ही खाली ओढला जाऊन ‘नॉर्मल’ दिसला असता. म्हणून एमसीव्ही मोठा असला तर दखल घ्यायची, पण नॉर्मल असला म्हणून निश्चिंत व्हायचं नाही.

मोठ्या पेशींचं आपल्याकडचं सर्वांत नेहमीचं कारण मात्र बी-१२ ची कमतरता हेच आहे, आणि तिथूनच सुरुवात करणं योग्य. बी-१२ कमी पडलं तरी तिन्ही प्रकारच्या पेशी घटतात आणि बोटांच्या पेरांवरची कातडी काळवंडते. गोंधळ असा, की फॅन्कोनीतही कातडीचा रंग बदलतो. फरक उपचारानंतर कळतो. बी-१२ दिल्यावर आठवडाभरात रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्याने बाहेर पडलेल्या कोवळ्या लाल पेशी, एकदम वाढतात आणि पाठोपाठ प्लेटलेटही वर येतात. आपल्या उदाहरणातल्या मुलीचं बी-१२ तपासणीत पुरेसं होतं. तरी इंजेक्शनं देऊन पाहिली. रेटिक्युलोसाइट ०.७ टक्क्यांवरच राहिले. या टप्प्यावर औषधांची चिठ्ठी बाजूला ठेवून मुलीला नीट पाहायला हवं.

उंची १०२ सेंटिमीटर. या वयाच्या मुलींची उंची साधारण ११५ च्या आसपास असते. कमरेजवळ दुधाच्या चहाच्या रंगाचे दोन सपाट डाग आहेत. डोकं वयाच्या मानाने लहान. मग हात. उजवा अंगठा बारीक आहे, आणि तळहातावर अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो तो जवळपास सपाट आहे. डाव्या अंगठ्याच्या कडेला एक पुसट व्रण दिसतो. विचारल्यावर आई सांगते, जन्मताच तिथे एक जादा अंगठा होता, वर्षाची असताना काढून टाकला. एवढी मोठी खूण घरात सगळ्यांना माहीत होती, पण रक्ताच्या तक्रारीशी तिचा संबंध असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं, म्हणून कुणी सांगितली नाही. सोनोग्राफीत एकच मूत्रपिंड निघालं. आईवडील नात्यातले, वडिलांनी मामाची मुलगी केलेली.

मामाच्या मुलीशी लग्न ही आपल्याकडची जुनी रीत आहे, आणि त्यावरून कुणाला दोष देण्याची इथे गरज नाही. फॅन्कोनीच्या बहुतेक प्रकारांत सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडूनही यावं लागतं. नात्यात लग्न झालं की दोघांकडे तेच जनुक असण्याची शक्यता वाढते, इतकंच. नात्याबाहेरच्या जोडप्यांच्या मुलांनाही हा आजार होतो. शिवाय या आजाराच्या चांगल्या एक चतुर्थांश मुलांत बाहेरून काहीच व्यंग दिसत नाही, म्हणून अंगठे ठीक आहेत एवढ्यावरून फॅन्कोनी नाही असं म्हणता येत नाही.

स्विस बालरोगतज्ज्ञ ग्विडो फॅन्कोनी यांनी १९२७ मध्ये तीन भावांत हा आजार वर्णन केला. पेशीच्या आत काय बिघडतं ते पुढे कळलं. डीएनएच्या दोन धाग्यांत अधूनमधून आडवी गाठ बसते. शरीरातच तयार होणारी फॉर्मल्डिहाइडसारखी रसायनंही ती बसवतात. मागावर ताण्याचे दोन धागे एकमेकांना चिकटले की फणी तिथेच अडते, तशी पेशी विभागताना त्या गाठीपाशी अडते. ही गाठ सोडवणारी वीसहून अधिक प्रथिनांची साखळी असते, आणि तिच्यातली एखादी कडी नसली की फॅन्कोनी होतो. रक्ताच्या मूळ पेशी अशा अडून अडून मरत जातात. ज्या तगतात त्यांच्यात बिघाड साचतो, म्हणून या मुलांना पुढे रक्ताच्या आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका फार मोठा असतो.

तपासणीही याच दोषावर बेतलेली आहे. रुग्णाच्या रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी वाढवायच्या आणि त्यांच्यावर डायइपॉक्सिब्युटेन किंवा मायटोमायसिन-सी हे गाठी बसवणारं रसायन टाकायचं. निरोगी पेशी बऱ्याच अंशी निभावून नेतात. फॅन्कोनीच्या पेशींत गुणसूत्रं तुटतात आणि तुटलेली टोकं भलत्याच ठिकाणी जुळून चांदणीसारख्या आकृत्या दिसतात. याला क्रोमोसोम ब्रेकेज टेस्ट म्हणतात. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत या आजारावर काम चालतं. रक्त हेपॅरिनच्या, म्हणजे हिरव्या झाकणाच्या नळीत घ्यावं लागतं आणि पेशी जिवंत पोचाव्या लागतात. संध्याकाळी घेतलेलं रक्त रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी मुंबईत पोचू शकतं, पण ते बर्फात घालायचं नाही आणि शनिवारी पाठवायचं नाही. काही रुग्णांत रक्तातल्या थोड्या पेशींचा दोष आपोआप दुरुस्त झालेला असतो आणि तपासणी फसवी निगेटिव्ह येते. संशय दाट असेल तर कातडीचा छोटा तुकडा घेऊन त्या पेशी तपासतात.

निदानाची घाई यासाठी की उपचार पूर्ण बदलतो. रोगप्रतिकारशक्ती बिघडून झालेल्या ॲप्लास्टिक ॲनिमियाला एटीजी आणि सायक्लोस्पोरिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देतात. फॅन्कोनीत त्यांचा उपयोग होत नाही. रक्त पूर्ववत करण्याचा मार्ग म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. त्याआधी दिली जाणारी सायक्लोफॉस्फमाइडसारखी औषधंही डीएनएत गाठी बसवूनच काम करतात, त्यामुळे नेहमीचा डोस या मुलांना जीवघेणा ठरतो. डोस बराच कमी करून प्रत्यारोपण करता येतं, हे पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमन यांनी दाखवलं. १९८८ मध्ये त्यांनीच केलेलं जगातलं पहिलं नाळेतल्या रक्ताचं प्रत्यारोपण फॅन्कोनीच्याच एका मुलावर झालं होतं. आपल्या मुलीला नऊ वर्षांचा भाऊ आहे, धडधाकट, आणि त्याचा एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणांचा संच, तिच्याशी जुळतो. तरी दाता म्हणून त्याला घेण्याआधी त्याचीही ब्रेकेज टेस्ट करायलाच हवी. प्रत्येक भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते, आणि आजाराची सुरुवात त्याच्यात अजून व्हायची असू शकते. प्रत्यारोपणाने रक्त बरं होतं, तोंडाच्या कर्करोगाचा धोका मात्र राहतोच. म्हणून तोंडाची नियमित तपासणी जन्मभर, आणि घरात मावा, गुटखा, विडी यांपैकी काहीही नको.

डायमंड-ब्लॅकफॅन हा दुसरा आजार बहुधा वर्षाच्या आतच समोर येतो. तीन महिन्यांचं बाळ, दूध पिताना दमतं, ओठ पांढरे. हिमोग्लोबिन ४.५, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट मात्र ठीक. ‘या वयात सगळ्या बाळांचं रक्त उतरतं’ असं म्हटलं जातं, आणि ते खरंही आहे, पण निरोगी बाळाचं हिमोग्लोबिन साधारण नऊच्या खाली जात नाही. इतकं कमी रक्त असताना रेटिक्युलोसाइट भरपूर दिसायला हवेत. इथे ते ०.२ टक्के आहेत. लाल पेशींचा कारखानाच बंद आहे. पेशीतली प्रथिनं जुळवणाऱ्या रायबोसोमचा हा दोष असतो. त्याचं पहिलं जनुक, आरपीएस-१९, १९९९ मध्ये सापडलं. इथेही अंगठा पाहायचा: त्याला दोनाऐवजी तीन पेरं असू शकतात. टाळू फाटलेली असू शकते.

बाळाला रक्त चढवावंच लागतं, पण त्याआधी नमुना काढून ठेवायला विसरू नये. चढवलेल्या रक्तात दात्याच्या पेशी असतात. एमसीव्ही, एचबीएफ आणि लाल पेशींतलं एडीए हे विकर, जे या आजारात वाढलेलं असतं, तिन्ही आकडे त्यानंतर भरवशाचे राहत नाहीत. स्टेरॉइडला दहांपैकी आठ मुलं प्रतिसाद देतात, मात्र वाढ आणि लसी सांभाळण्यासाठी ते सहसा पहिल्या वाढदिवसानंतर सुरू करतात. तोवर रक्तावर निभवायचं. ज्यांना स्टेरॉइड लागू पडत नाही, त्यांच्यात वारंवार रक्त दिल्याने लोह साचतं आणि ते काढण्याचं औषध द्यावं लागतं.

या आजारात सदोष जनुक आई किंवा वडील, एकाकडूनच आलेलं पुरतं. अनेकदा ते बाळातच नव्याने घडलेलं असतं. म्हणून बाळाबरोबर आईवडिलांचाही सीबीसी करावा. आईला कधी काही त्रास झालेला नसतो, आणि तिचा एमसीव्ही १०३ निघतो. तसं असेल तर पुढच्या प्रत्येक बाळाला आजार येण्याची शक्यता दोनात एक, आणि ते तिला पुढच्या गरोदरपणाच्या आधी कळायला हवं.